पॅनोरमाच्या फाटक्या कडा आणि चौकटीचा हट्ट

पाचसहा फोटो स्टिच केले, म्हणजे जोडून एक रुंद पॅनोरमा केला, की जे बाहेर येतं ते चौकोनी नसतं, कडेला कुरतडल्यासारखं, वर-खाली लाटा आणि कोपऱ्यात काळी नाहीतर पांढरी रिकामी जागा. मग आपण क्रॉप मारतो आणि नेमकी हवी ती गोष्ट अर्धी कापली जाते. ही भानगड डिजिटलच्या आधीपासूनची आहे, तर जरा मागून येऊया.

रॉबर्ट बार्करनं 1787 मध्ये पॅनोरमाचं पेटंट घेतलं तेव्हा पॅनोरमा म्हणजे गोल इमारतीत आतून लावलेलं भलंमोठं चित्र. कड तेव्हाही होतीच, कॅनव्हास वर कुठेतरी संपणार आणि खाली कुठेतरी संपणार. त्यानं कड कापली नाही, लपवली. प्रेक्षकाच्या डोक्यावर छतासारखा आडोसा, त्यामुळे कॅनव्हासची वरची कड दिसत नाही, आणि खाली उभं राहायचा प्लॅटफॉर्म असा की खालची कड झाकली जाते. म्हणजे क्रॉपच, फक्त चित्रावर न करता बघणाऱ्याच्या नजरेवर केलेला!

कॅमेऱ्यानं सुरुवात झाल्यावर लोक ट्रायपॉड लेव्हल करून एकेक काचेची प्लेट घेत आणि प्रिंट शेजारी शेजारी लावत. फोटोग्राफर मायब्रिजनं 1878 मध्ये सॅन फ्रान्सिस्को असंच 13 प्लेटांत पकडलं. अशी पद्धत असली की कडा जवळपास सरळच राहतात, कारण प्रत्येक फ्रेम आहे तशी सपाट ठेवतात, वळवत नाहीत. पण त्याची किंमत जोडावर दिसते, रस्ते आणि छपरांच्या रेषा तिथे जरा मोडतात. याच्या उलट टोकाला नासाच्या सर्व्हेयर यानांचे 1966 ते 68 मधले चंद्राचे मोझेक. टीव्ही कॅमेऱ्याच्या छोट्या छोट्या फ्रेमांचे प्रिंट हातानं गोलाकार भांड्यासारख्या पृष्ठभागावर आतून चिकटवलेले, आणि कडा तशाच फाटक्या सोडलेल्या. तिथे प्रत्येक तुकडा म्हणजे मोजमाप, कापून कोण टाकणार?

आपल्याला ज्या लाटा दिसतात त्या खऱ्या अर्थानं सॉफ्टवेअरबरोबर आल्या. 1998 मध्ये जर्मनीतल्या फुर्टवांगेनच्या हेल्मुट डेर्शनं पॅनोरमा टूल्स फुकट दिलं आणि घरबसल्या कोणीही फ्रेम सिलिंडरवर गुंडाळू शकायला लागला. लाट इथेच जन्मते, आणि ही ट्रायपॉड कितीही लेव्हल असला तरी येतेच. सपाट फ्रेम सिलिंडरवर गुंडाळली की मध्यापासून जितके अंश बाजूला जाल तितकी तिची उंची कमी होत जाते, त्या कोनाच्या कोसाइनच्या हिशोबात. जोडापाशी खड्डा, प्रत्येक फ्रेमच्या मध्यावर फुगवटा.

आकडे घालून बघा. फुल फ्रेम कॅमेरा उभा धरलाय, 24 मिमी लेन्स, फाइल 4000 बाय 6000 पिक्सेल, दर 30 अंशांवर एक असे पाच फोटो. मधे उंची 6000, जोडापाशी म्हणजे 15 अंशांवर साधारण 5800, आणि दोन्ही टोकांना, जिथे पुढची फ्रेमच नाही, तिथे कोपरा साडेसव्वीस अंशांपर्यंत जातो म्हणून फक्त 5370 च्या आसपास. 30 ऐवजी 20 अंशांवर फोटो घेतले असते तर जोडाचा खड्डा 200 वरून 90 पिक्सेलवर आला असता, टोकं मात्र तशीच राहिली असती. जास्त ओव्हरलॅपचा हा फायदा सहसा कोणी सांगत नाही.

हातात धरून काढलं की याच्यावर आणखी एक लाट चढते, क्षितिजच सापासारखं वळतं. त्यावर ब्राउन आणि लो यांच्या ऑटोस्टिच या स्टिचिंग प्रोग्रामवरच्या 2007 च्या पेपरमधली युक्ती मला फार आवडते. माणूस कॅमेरा वर-खाली करतो, बाजूला फिरवतो, पण डाव्या-उजव्या अंगाला कलंडवत सहसा नाही, एवढं गृहीत धरून ते वरची दिशा शोधतात आणि सगळा पॅनोरमा सरळ करतात. क्रॉपच्या आधीच बरीच उंची परत मिळते. हेच काम नंतर क्रॉप टूलनं फिरवून केलं तर? वरच्या उदाहरणात रुंदी साधारण 12,090 पिक्सेल आहे, एक अंश फिरवलं तरी दोनशेच्या वर पिक्सेल उंची जाते, आणि सापाचं वळण तरीही तसंच.

मग ऑटोक्रॉप आलं. हगिन या फुकट स्टिचिंग प्रोग्राममध्ये बटण आहे, कमांडवर असं:

```
pano_modify --crop=AUTO -o out.pto in.pto
```

काम एकच, भरलेल्या पिक्सेलांत बसणारा सगळ्यात मोठा आयत शोधायचा. याची जुनी रीत म्हणजे प्रत्येक ओळीत उभं राहून वरच्या दिशेला सलग किती पिक्सेल भरलेत ते मोजायचं, त्याचा बार चार्ट समजायचा आणि त्यात मावणारा मोठ्यात मोठा आयत घ्यायचा. इमेजवरून एकदाच फिरलं की उत्तर. मधेच कुठे एक जरी पिक्सेल रिकामा राहिला असेल तरी आयत त्याला टाळून पळतो, तर क्रॉप अचानक विचित्र लहान आला की आधी तसं भोक शोधा.

पण मोठ्यात मोठा म्हणजे क्षेत्रफळात मोठा. त्याच उदाहरणात पूर्ण रुंदी ठेवून 5370 उंची घेतली तर सुमारे 65 मेगापिक्सेल, आणि टोकं कापून 5800 उंची ठेवली तर 61 च्या आत. मशीन पहिलं निवडणार. आता समजा तुम्ही देवळाच्या आवारात उभे आहात आणि मधल्या फ्रेममध्ये कळसाचं टोक क्षितिजापासून 2800 पिक्सेल वर आहे. पहिल्या क्रॉपमध्ये मध्याच्या वर साधारण 2685 च उरतात, कळस गेला. दुसऱ्यात 2900 आहेत, कळस वाचला, दोन्ही बाजूंची थोडी भिंत गेली. मी तरी दर वेळी दुसरंच घेईन, चार मेगापिक्सेल भिंतीचं काय करू?

कापायचंच कशाला, हा प्रश्न 2013 मध्ये काइमिंग हे, हुइवेन चांग आणि जियान सुन यांनी सिग्राफ या कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या परिषदेत सोडवला. आधी चित्राच्या कमी महत्त्वाच्या भागात पिक्सेलांचे नवीन धागे घालत घालत ते आयत होईपर्यंत ताणायचं, पण हे नुसतं अंदाजापुरतं. मग त्या आयतावर जाळी टाकून ती मूळ चित्रावर परत न्यायची, आणि शेवटी जाळीची बाहेरची कड आयताला चिकटेल पण आतले आकार आणि सरळ रेषा शक्य तितक्या तशाच राहतील असा तोल काढायचा. 2016 च्या जानेवारीत लाइटरूममध्ये बाउंडरी वॉर्पचा स्लायडर आला तो याच धर्तीचा. डोंगर, झाडं, ढग असतील तर 100 वर नेलं तरी डोळ्याला कळत नाही. आवारातल्या फोटोत मात्र टोकांचे कोपरे वर-खाली तीनशे तीनशे पिक्सेल ओढले जातात, तिथला दीपमाळेसारखा उभा खांब लांबट होतो आणि कोपऱ्यात उभा माणूस एकदम उंच. खरं-खोटं बघायचं असेल तर टोकाच्या खांबाची मधल्या तशाच खांबाशी तुलना करा.

उरलं ते भरणं. फोटोशॉप CS5 नं 2010 मध्ये कंटेंट अवेअर फिल दिलं, 2019 मध्ये लाइटरूम क्लासिकमध्ये फिल एजेस आलं. आकाशाला झकास, फरशीला नाही, तिथे ते शेजारचीच फरशी उचलून लावतं आणि सांध्यांच्या रेषा एका जागी थांबून दुसऱ्या जागी सुरू होतात. म्हणून त्या आवाराच्या फोटोला मी वॉर्प 40 वर ठेवतो, आकाशाचे वरचे कोपरे भरून घेतो आणि खालची फरशी हातानं कापतो, कळसाच्या वर बोटभर जागा सोडून.