बंद खेळाची कमाई आणि फोनमधली दोन घड्याळे

माझा भाचा रात्री फोन चार्जरला लावून झोपतो आणि त्यावरचा आयडल गेम मला बंद करू देत नाही. "मामा, बंद केलास तर खाण रात्रभर चालणार कशी?" असा त्याचा सवाल असतो. आपण झोपलो तरी नाणी साचतात, त्या अर्थी खेळ आतल्या आत चालू असणार, हा समज मोठ्या माणसांतही आढळतो. प्रत्यक्षात अशा बहुतेक खेळांत रात्रभर काहीही चाललेले नसते. पडद्यावरून जाताना खेळ त्या क्षणाची वेळ टिपून ठेवतो आणि सकाळी उघडताच एवढेच गणित करतो:

```
earned = (now - lastSeen) * rate
```

रात्री 10 वाजता बंद केलेला खेळ सकाळी 6 वाजता उघडला, तर मध्ये 28,800 सेकंद गेले. दर सेकंदाला 50 नाणी हा दर धरला, तर 14,40,000 नाणी खात्यात जमा होतात. खाणीतला एकही कामगार त्यासाठी हललेला नसतो.

आता प्रश्न असा की `now` ही संख्या येते कुठून? अँड्रॉइडवर `System.currentTimeMillis()` विचारले, की 1 जानेवारी 1970 पासून किती मिलिसेकंद लोटले ते कळते; त्याला 1000 ने भागले, की वरच्या गणितातले सेकंद मिळतात. पण हे उत्तर ज्या घड्याळावरून मिळते, ते सेटिंग्जमध्ये जाऊन कोणालाही फिरवता येते. तारीख 365 दिवस पुढे नेऊन खेळ उघडला, तर वजाबाकीत 3,15,36,000 सेकंद जास्तीचे येतात आणि एका मिनिटात 1,57,68,00,000 नाणी हाती पडतात. या वजाबाकीलाच 'गुप्त हॅक' म्हणवणारे आणि त्यासाठी भलतेच अ‍ॅप उतरवून घ्यायला लावणारे व्हिडिओ पाहिले की नवल वाटते, कारण तारीख बदलायला कोणत्याही अ‍ॅपची गरज नसते.

खरी गंमत मात्र घड्याळ पुन्हा मागे आणल्यावर सुरू होते. तारीख पूर्ववत केली, की `now` हा `lastSeen` पेक्षा लहान होतो आणि उत्तर उणे येते. निष्काळजी खेळात यामुळे नाणी चक्क वजा होतात. म्हणून बहुतेकजण उणे उत्तराला शून्य मानतात आणि नवी वेळ साठवतात. पण असे केल्याने खेळाडूला तीच फेरी पुन्हा पुन्हा मारण्याची मोकळीक मिळते. उलट, साठवलेली वेळ कधीच मागे जाऊ द्यायची नाही असे ठरवले, तर फसवणाऱ्याची कमाई खरोखर वर्षभर गोठते. ही शिक्षा न्याय्य वाटली, तरी ज्याच्या फोनचे घड्याळ बिघाडामुळे पुढे गेले होते, त्या निरपराध माणसालाही ती तेवढीच भोगावी लागते.

यातून वाट काढण्यासाठी फोनमधले दुसरे घड्याळ उपयोगी पडते. ते तारीख सांगत नाही; फोन चालू झाल्यापासून किती वेळ गेला, एवढेच मोजते, आणि फोन गाढ निद्रेत असतानाही मोजत राहते. अँड्रॉइडवर ते `SystemClock.elapsedRealtime()` या नावाने मिळते, आणि सेटिंग्जमधून त्याला हात लावता येत नाही. खेळाने बंद होताना दोन्ही घड्याळांचे आकडे साठवले, तर प्रामाणिक रात्रीनंतर दोन्ही घड्याळे साधारण 28,800 सेकंदच पुढे गेलेली दिसतात. तारीख पुढे ढकलणाऱ्याच्या बाबतीत पहिले घड्याळ वर्षाचा फरक दाखवते आणि दुसरे जेमतेम मिनिटाचा. अशा वेळी दुसऱ्याचे ऐकावे, आणि पहिले का चुकले याची चौकशीही करू नये, असे माझे मत आहे.

परंतु फोन बंद करून पुन्हा चालू केला, की हे दुसरे घड्याळ शून्यापासून सुरू होते. नवा आकडा जुन्यापेक्षा लहान दिसला, म्हणजे फोन मध्ये बंद झाला होता, हे कळते. मात्र फोन पुन्हा चालू होऊन पुरेसा काळ गेला असेल, तर नवा आकडा जुन्याला मागे टाकतो आणि ही खूण पुसली जाते. त्यासाठी फोन कितव्यांदा सुरू झाला याची नोंद, म्हणजे `BOOT_COUNT`, सोबत साठवावी लागते. तेवढे करूनही फोन पुन्हा सुरू होण्यापूर्वीचा काळ किती होता, हे फोनपुरते पाहिले तर सिद्ध करता येत नाही. म्हणून अनेक खेळ कमाईवर काही तासांची, समजा आठ तासांची, मर्यादा घालतात. त्याने फसवणूक थांबत नाही; एका उडीत वर्ष मारण्याऐवजी खेळाडूला दर खेपेला आठ-आठ तासांनी घड्याळ पुढे सरकवत बसावे लागते, आणि यात बरेचजण कंटाळतात.

पक्का उपाय म्हणजे वेळ फोनला न विचारता सर्व्हरला विचारणे. त्यातही `lastSeen` सर्व्हरवरच राहिला पाहिजे, नाहीतर खेळाडू घड्याळाऐवजी फोनमधील फाइल बदलतो. नेट नसलेल्या ठिकाणी खेळ उघडला, तर अशा खेळाला जोडणी मिळेपर्यंत जमा रक्कम रोखून धरावी लागते, आणि सगळी रात्र वाट पाहिलेल्या प्रामाणिक खेळाडूला सकाळी शून्य नाणी दिसतात.