बाळ लहान असणं आणि बाळंतपण अडणं: कमी उंचीच्या आईबाबतचे दोन वेगळे प्रश्न

गरोदरपणाच्या पहिल्या तपासणीत उंची मोजली जाते. ती १४५ सेंटिमीटरपेक्षा (काही ठिकाणी १४०) कमी भरली की कार्डावर जोखमीची खूण होते. घरी त्यावर दोन वाक्यं हमखास ऐकू येतात: ‘आई बुटकी, म्हणजे बाळ लहानच होणार’ आणि ‘आई बुटकी, म्हणजे सिझर ठरलेलं’. दोन्हींत थोडं तथ्य आहे. घोटाळा होतो तो दोन्ही एकत्र जोडल्यावर. मग सुनेला सल्ला मिळतो, ‘जरा कमी खा, बाळ लहान राहील आणि सहज सुटशील.’ हा सल्ला घातक आहे.

आधी बाळाच्या आकाराचं पाहू. कमी उंचीच्या आईचं बाळ सरासरीने हलकं आणि आखूड असतं. याचा काही भाग आईकडून आलेल्या जनुकांचा असतो, काही तिच्या शरीराच्या मर्यादेचा. १९३८ साली वॉल्टन आणि हॅमंड या शास्त्रज्ञांनी प्रचंड शायर घोडे आणि छोटे शेटलंड पोनी यांचा संकर केला. दोन्हीकडे संकर त्याच दोन जातींचा, तरी शेटलंड आईचं शिंगरू जन्मताना शायर आईच्या शिंगरापेक्षा खूपच लहान होतं. म्हणजे गर्भाला किती वाढू द्यायचं यात आईच्या शरीराचाही वाटा असतो.

असं बेतानं वाढलेलं बाळ लहान असलं तरी निरोगी असू शकतं. समजा, १४२ सेंटिमीटर उंचीच्या आईचं बाळ बत्तिसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत लहान दिसलं. छत्तिसाव्या आठवड्यातही ते वाढीच्या तक्त्यातल्या त्याच रेषेवर असेल, पाणी पुरेसं असेल आणि नाळेतला रक्तप्रवाह चांगला असेल, तर ते बहुधा तिच्या बांध्याचं बाळ आहे. पण बत्तिसाव्या आठवड्यात मधल्या रेषेवर असलेलं बाळ छत्तिसाव्यात एकदम खाली घसरलं आणि नाळेच्या प्रवाहाला अडथळा दिसला, तर वारेकडून पुरवठा कमी पडतोय असा संशय घ्यावा लागतो. अशा वेळी ‘आई बुटकी आहे ना’ म्हणून सोडून देणं चूक. म्हणून एकाच सोनोग्राफीवर निकाल लावू नये. दोन तपासण्यांत दोन-तीन आठवड्यांचं अंतर असलं तरच वाढ कळते.

बाळंतपणाचा प्रश्न वजनाचा कमी आणि डोक्याचा जास्त. पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं एका कानशिलाच्या वरून दुसरीकडे सुमारे साडेनऊ सेंटिमीटर रुंद असतं, आणि आईच्या कटीच्या हाडांतून जाण्याची वाट त्याहून थोडीच मोठी असते. उपासमारीत बाळाची चरबी आणि पोटाचा घेर आधी घटतो. मेंदूकडे रक्त वळवलं जातं, त्यामुळे डोकं त्या मानाने वाचतं. शिवाय आईची हाडं तिच्या लहानपणी आणि वाढीच्या वयातच घडलेली असतात, गरोदरपणात कमी जेवून ती रुंद होत नाहीत. म्हणजे कमी खाल्ल्याने वाट तशीच राहते, डोकं फारसं बदलत नाही आणि बाळ मात्र अशक्त जन्मतं.

मग सगळ्याच बुटक्या बायका अडत का नाहीत? बार्बरा फिशर आणि फिलिप मिट्टेरोकर या संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवलं की कमी उंचीच्या स्त्रियांत जन्ममार्गाचा आकार सरासरीने अधिक गोलसर, म्हणजे डोक्याला सोयीचा असतो. म्हणून उंची हा फक्त इशारा आहे. खरी परीक्षा कळा सुरू झाल्यावरच होते.

तीच १४२ सेंटिमीटरची आई, बाळ अंदाजे अडीच किलोचं. कळा जोरदार आहेत, पण पिशवीचं तोंड सात सेंटिमीटर उघडून तासन्‌तास अडलंय. पोटावर हात ठेवला तर डोक्याचे पाचपैकी तीन भाग अजून वरच लागतात. आतून तपासल्यावर कवटीची हाडं एकमेकांवर चढलेली जाणवतात. इथे बाळ लहान असूनही बाळंतपण अडलं आहे. कारण वाट अरुंद असेल, किंवा बाळाचं तोंड आईच्या पोटाकडे असल्याने डोकं नीट न वाकता मोठा घेर पुढे येत असेल. हे सोनोग्राफीतल्या वजनावरून आधी सांगता आलं नसतं. याउलट डोकं तासागणिक खाली सरकत असेल, तर तीच बाई नॉर्मल बाळंत होते.

उंची कमी म्हणून आधीच सिझेरियनची तारीख घेण्याचं कारण नाही. पण बाळंतपण जिथे रात्रीसुद्धा शस्त्रक्रिया आणि रक्ताची सोय आहे अशाच ठिकाणी करावं. आईला मधुमेह असेल तर जास्त जपावं, कारण तेव्हा बाळ तिच्या बांध्याला न जुमानता वाढतं. पहिलं बाळंतपण सुखरूप झालेल्या बाईबद्दल भरवसा वाढतो, पण दुसरं बाळ पुष्कळदा पहिल्यापेक्षा जड असतं, म्हणून तेव्हाही डोकं खाली सरकतंय का ते पाहावंच लागतं.