कामगारांची मोजणी आणि कॅन्टीनचा हक्क

कारखान्यात पिण्याचे पाणी, शौचालय, उपाहारगृह आणि विश्रांतीची खोली असावी हे कायद्याने फार पूर्वीच सांगितले आहे. तरीही कामगार तक्रार घेऊन गेला की व्यवस्थापन पहिल्यांदा वाद घालते तो आकड्यावर. "आमच्याकडे तेवढी माणसेच नाहीत" हे उत्तर ज्याने एकदा ऐकले आहे, त्याला या सोयींचा इतिहास म्हणजे माणसे कशी मोजायची याचा इतिहास आहे, हे पटायला वेळ लागत नाही.

१८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याचा भर मुलांच्या कामाच्या तासांवर आणि यंत्रांना कुंपण घालण्यावर होता. दुपारी अर्धा तास काम थांबावे ही मुंबईच्या गिरणी कामगारांची १८८४ मधली मागणी १८९१ च्या कायद्यात उतरली. पण त्या अर्ध्या तासात बसायचे कुठे, याचे उत्तर १९३४ पर्यंत मिळाले नाही. १९३४ च्या कायद्यात मोठ्या कारखान्यांसाठी विसाव्याच्या जागेची तरतूद आली, आणि १९४८ च्या कारखाने अधिनियमाने या सगळ्या सोयी एकत्र आणून त्यांना नेमकेपणा दिला. पाण्याची जागा बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत ठळक लिहिलेली असावी, आणि ती शौचालय, मुतारी, धुण्याची जागा, पिंकदाणी किंवा उघडे गटार यांपासून ६ मीटरच्या आत नसावी, असे त्याचे कलम १८ सांगत होते. ६ मीटर म्हणजे जवळपास वीस फूट. हात धुण्याच्या बेसिनला खेटून ठेवलेली निळी टाकी मोजपट्टी लावताच नियमात नापास होते आणि तिथे मताचा प्रश्नच उरत नाही.

पाणी आणि शौचालय प्रत्येक कारखान्याला लागू होते. विसाव्याच्या आणि जेवणाच्या खोलीसाठी मात्र "साधारणतः कामावर असलेल्या" १५० हून अधिक कामगारांची अट होती, तर उपाहारगृहासाठी २५० हून अधिक कामगारांची, आणि तीही राज्य सरकारने विनिर्दिष्ट केलेल्या कारखान्यांपुरती. सगळा गुंता या "साधारणतः कामावर असलेल्या" शब्दांत आहे. व्यवस्थापन तिथे आपला मस्टर दाखवते, आणि ठेकेदाराची माणसे त्या मस्टरवर नसतात.

१९७६ मध्ये संसदेने "कामगार" या शब्दाच्या व्याख्येतच दुरुस्ती केली. थेट नेमलेला असो किंवा ठेकेदारासह कोणत्याही मध्यस्थामार्फत आलेला असो, मूळ मालकाला माहीत असो वा नसो, कारखान्याच्या उत्पादनप्रक्रियेत राबणारा माणूस कामगारच आहे, असे तिने स्पष्ट केले. माझ्या मते हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा बदल आहे, आणि कामगारांना सर्वांत कमी सांगितला गेलेलाही हाच आहे.

त्याआधी १९७० मध्ये कंत्राटी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला होता. एखाद्या ठेकेदाराकडे साधारणतः १०० किंवा अधिक कंत्राटी कामगार असतील तर त्याने उपाहारगृह द्यावे, आणि त्याने ते दिले नाही तर मूळ मालकाने ते देऊन खर्च ठेकेदाराकडून वसूल करावा, असा त्याचा आशय. हेतू चांगला होता. पण मोजणी ठेकेदारागणिक होत असल्यामुळे कामाचे तुकडे पाडून सुटायची वाट त्यात राहून गेली.

उदाहरणार्थ, औद्योगिक वसाहतीतला एक कारखाना धरू. त्याच्या मस्टरवर ११० कायम कामगार आहेत. शिवाय तीन ठेकेदारांकडे ६५, ६५ आणि ६० अशी १९० माणसे आहेत. कायम कामगार मोजले तर आकडा ११०, म्हणून उपाहारगृह नाही. ठेकेदार वेगवेगळे मोजले तर एकही शंभरीला पोहोचत नाही, म्हणून तिथेही नाही. पण १९७६ नंतरची व्याख्या लावली की एकूण ३०० होतात आणि २५० ची अट कधीच ओलांडलेली असते. कागदावर ही बेरीज कुणी एका ठिकाणी करत नाही. ती तक्रारदारालाच करावी लागते.

शौचालयांची मोजणी वेगळी आहे. तिथे एका वेळी आवारात जास्तीत जास्त किती माणसे असतात हे पाहायचे. याच कारखान्यात जनरल पाळीत ९० पुरुष आणि ३० स्त्रिया असतील, तर दर २५ माणसांमागे एक या राज्य नियमांच्या प्रमाणाने, आणि उरलेला तुकडाही पुरा २५ धरून, पुरुषांसाठी चार आणि स्त्रियांसाठी दोन शौचालये लागतात. स्त्रियांच्या दोनपैकी एकाला कुलूप असेल आणि किल्ली गेटवरच्या केबिनमध्ये असेल, तर प्रत्यक्षात एकच शौचालय आहे. तक्रारीत ते तसेच लिहावे.

हे जुने कायदे आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यपरिस्थिती संहितेत विलीन झाले असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुने नियम तिच्याशी विसंगत नसतील तेवढे तूर्त चालू आहेत. मोजणीपुरते पाहिले तर संहिता कामगाराच्या बाजूने झुकली आहे. उपाहारगृहाची मर्यादा १०० वर आली असून "कंत्राटी कामगार धरून" हे शब्द आता त्या तरतुदीतच आहेत. विसाव्याच्या आणि जेवणाच्या खोलीसाठी कारखान्यात ५० हून अधिक कामगार पुरे आहेत. कंत्राटी कामगारांच्या या सोयींची जबाबदारीही थेट मूळ मालकावर आली आहे. वरच्या कारखान्याला आता तीन ठेकेदारांच्या आड लपता येत नाही. उलट, वीज किंवा यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या कारखान्याची व्याख्या १० ऐवजी २० कामगारांपासून सुरू झाल्यामुळे लहान शेडमधला कामगार कारखान्यासाठीच्या खास तरतुदींतून निसटला, ही या बदलाची खटकणारी बाजू आहे.

तक्रारीचा रस्ता कारखाना निरीक्षकाकडूनच जात आला आहे. जुन्या अधिनियमात निरीक्षकाच्या तक्रारीवर किंवा त्याच्या लेखी परवानगीनेच न्यायालय दखल घेई, त्यामुळे कामगाराला परस्पर खटला भरता येत नसे. शिवाय गुन्हा निरीक्षकाला कळल्यापासून तीन महिन्यांची मुदत होती. मात्र सोय अजूनही दिलेली नसेल तर गुन्हा चालूच आहे असे धरले जाई. म्हणून तारीख घातलेला लेखी अर्ज आणि त्याची पोच याला तोंडी सांगण्यापेक्षा किती तरी अधिक वजन आहे. आता त्या अधिकाऱ्याचे नाव निरीक्षक-तथा-सुविधाकार झाले आहे. दुकाने आणि कार्यालये यांच्यासाठी राज्याचा वेगळा कायदा आणि वेगळे सुविधाकार आहेत. तक्रार चुकीच्या टेबलावर गेली की तिथेच पडून राहते.

"शौचालयाची सोय नाही" एवढेच लिहिलेला अर्ज सहसा निष्फळ ठरतो, कारण तपासणीच्या दिवशी फरशी धुतलेली असते आणि कुलूप काढलेले असते. त्याऐवजी कारखान्याचा पत्ता, प्रत्येक ठेकेदाराचे नाव आणि त्याची माणसे, पाळीची वेळ, त्या पाळीतले स्त्री-पुरुष, किती शौचालये उघडी आणि किती बंद, टाकी आणि गटारातले अंतर, आणि हे कोणत्या तारखांना पाहिले, इतके लिहावे. तपासणी झाल्यावर अहवालाची प्रत माहिती अधिकारात मागता येते.

निरीक्षकाने तक्रारदाराचे नाव फोडू नये, हा आंतरराष्ट्रीय कराराचा दंडक भारताने १९४९ मध्ये स्वीकारला आहे. पण ज्या पाळीत तीनच स्त्रिया आहेत तिथे नाव न सांगताही कळते. अशा ठिकाणी अर्ज संघटनेच्या लेटरहेडवर किंवा सगळ्या पाळ्यांतल्या माणसांच्या सह्यांनी जावा, आणि त्या सह्यांत कायम कामगारही असावेत, कारण कंत्राटी कामगाराला दुसऱ्या दिवशी गेटवरूनच परत पाठवता येते.