Q आणि R: चुकीची किंमत, जोराची किंमत

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या मशीन शॉपमध्ये कास्टिंग एका फिक्स्चरवरून उचलून दुसऱ्यावर ठेवणारी ट्रॉली असते. कास्टिंगसकट तिचं वजन 40 किलो आणि सर्वो मोटर बॉल स्क्रूमधून तिला जास्तीत जास्त 200 न्यूटन जोर देऊ शकते, असं धरू. काम एवढंच: ट्रॉली जागेपासून 100 मिलिमीटर दूर आहे, ती जागेवर आणून थांबवायची. चूक आणि जोर यांच्या वर्गांची भारित बेरीज कमीत कमी करणाऱ्या एलक्यूआर पद्धतीने हा कंट्रोलर बसवताना Q आणि R या भारांच्या मॅट्रिक्समध्ये कोणते आकडे घालायचे, इथे बहुतेकांची गाडी अडते. ते दोन मॅट्रिक्स मुळात कशासाठी आले हे कळलं, की आकडे निवडणं बरंच सोपं होतं.

दुसऱ्या महायुद्धात विमानांवर तोफा रोखण्याच्या प्रश्नावर काम करताना नॉर्बर्ट वीनर यांनी चुकीच्या वर्गाची सरासरी कमीत कमी करण्याची पद्धत मांडली. वर्ग घेण्याचं कारण व्यवहारी होतं: गणित सुटतं आणि उत्तर रेषीय येतं. पण हीच कसोटी सर्वोला जशीच्या तशी लावली तर उत्तर निरर्थक येतं. फक्त चुकीचा वर्ग मोजला आणि जोर फुकट धरला, तर सर्वांत चांगला कंट्रोलर अनंत गेनचा निघतो. कागदावर ट्रॉली क्षणात जागेवर पोहोचते. प्रत्यक्षात मोटर 200 न्यूटनवर अडकते, म्हणजे सॅच्युरेट होते, आणि गणिताने गृहीत धरलेली रेषीय यंत्रणाच उरत नाही.

यावरचा तोडगा 1957 साली न्यूटन, गूल्ड आणि कायझर या तिघांच्या पुस्तकात नीट मांडलेला दिसतो. (हे न्यूटन आपल्या ओळखीचे न्यूटन नव्हेत.) जो सिग्नल सॅच्युरेट होण्याची भीती आहे, त्याच्या वर्गाच्या सरासरीवर त्यांनी मर्यादा घातली आणि ती लॅग्रांज गुणकाच्या मदतीने चुकीच्या वर्गात मिसळली. म्हणजे ‘चूक कमी कर, पण जोर एवढ्यातच ठेव’ या दोन अटींची एकच बेरीज झाली. तो गुणक म्हणजेच आजच्या R चा पूर्वज. माझ्या मते R समजून घ्यायचा हाच सर्वांत सरळ रस्ता आहे. त्याला वीजबिल समजू नये. मोटर तिच्या रेषीय हद्दीत राहावी म्हणून जोरावर लावलेली ती किंमत आहे. आणि किंमत म्हणजे कुंपण नव्हे. ती मोजायची तयारी असेल तर मर्यादा ओलांडता येते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

1960 साली रुडॉल्फ काल्मन यांनी मेक्सिकोच्या गणित संघटनेच्या बुलेटिनमध्ये हा प्रश्न स्टेटच्या भाषेत सोडवला. एका चुकीच्या जागी स्थान, वेग असा सगळा स्टेट x आला, एका जोराच्या जागी u हा सदिश आला, आणि भारांचे मॅट्रिक्स झाले:

```
J = ∫ (x'Qx + u'Ru) dt
```

उत्तर u = −Kx असं साधं निघतं, आणि K रिकाटी समीकरणातून मिळतो. ते समीकरण अठराव्या शतकातल्या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखलं जातं. एरवी ते संगणकावरच सोडवायचं असतं, पण आपल्या ट्रॉलीसाठी ते हाताने सुटतं. स्थानाचा भार q1, वेगाचा q2, जोराचा r आणि वस्तुमान m असेल, तर

```
k1 = sqrt(q1/r)
k2 = sqrt(q2/r + 2*m*k1)
```

या दोन ओळींत बरंच काही दिसतं. Q आणि R दोन्ही दहापट केले तर K तसाच राहतो, कारण अर्थ फक्त गुणोत्तराला आहे. शिवाय k1 हे गुणोत्तराच्या वर्गमुळाने वाढतं आणि ट्रॉलीचा प्रतिसाद k1 च्या वर्गमुळाने. म्हणजे ट्रॉली दुप्पट चपळ करायची तर q1 सोळापट करावा लागतो. q1 दुप्पट करून ‘काही फरकच पडत नाही’ म्हणणाऱ्यांची अडचण हीच असते.

1960 नंतर काही वर्षं सिद्धांत तयार होता, पण Q मध्ये काय घालायचं याचा व्यवहारी नियम नव्हता. नियम नसेल तर हात आपोआप एककाकडे जातो. स्थानाचा भार 1, जोराचा भार 1, वेगाचा शून्य. ट्रॉलीवर हे करून बघा. स्थान मीटरमध्ये मोजलं तर k1 येतो 1 न्यूटन प्रति मीटर. 100 मिलिमीटर चुकीवर कंट्रोलर फक्त 0.1 न्यूटन मागतो, आणि ट्रॉली जागची हलत नाही. तेच स्थान मिलिमीटरमध्ये मोजलं तर k1 येतो 1 न्यूटन प्रति मिलिमीटर, जोर होतो 100 न्यूटन, आणि ट्रॉली बऱ्यापैकी चालते. यंत्र तेच, भार तेच, बदललं फक्त एकक. भारांना स्वतःची एककं असतात हे विसरलं की असं होतं.

1969 साली आर्थर ब्रायसन आणि यू-ची हो यांच्या पाठ्यपुस्तकाने जो नियम रूढ केला, तो ही एककांची गफलत मिटवतो. प्रत्येक स्टेटचा भार म्हणजे 1 भागिले त्या स्टेटच्या मान्य कमाल मूल्याचा वर्ग, आणि जोराचंही तसंच. सगळ्या संज्ञा बिनएककी होतात आणि एकमेकींशी तुलना करण्याजोग्या होतात. आपल्या ट्रॉलीसाठी चूक 0.1 मीटर, वेग 0.5 मीटर प्रति सेकंद, जोर 200 न्यूटन:

```
m = 40;
A = [0 1; 0 0];
B = [0; 1/m];
Q = diag([1/0.1^2, 1/0.5^2]);
R = 1/200^2;
K = lqr(A, B, Q, R)
```

ऑक्टेव्हमध्ये आधी pkg load control द्यावं लागतं. K येतो 2000 आणि सुमारे 566. सुरुवातीला 0.1 मीटर चुकीवर मागणी 2000 × 0.1, म्हणजे बरोबर 200 न्यूटन. मोटर सॅच्युरेशनच्या काठावर, पण आत. डॅम्पिंग गुणोत्तर नेमकं 1 येतं आणि ट्रॉली जागा न ओलांडता सुमारे 0.8 सेकंदात स्थिरावते. वेगाचा भार शून्य ठेवला असता तर हे गुणोत्तर 0.707 आलं असतं आणि ट्रॉली 4 मिलिमीटरहून थोडी पुढे जाऊन परतली असती. स्टॉपर जवळ असेल तर q2 हाच तुमचा मित्र. गंमत म्हणजे या हालचालीत वेग 0.26 मीटर प्रति सेकंदाच्या वर जातच नाही. म्हणजे 0.5 हा आकडा गाठायचंही बंधन नाही आणि न ओलांडण्याचंही. तो फक्त मोजपट्टीवरची खूण आहे.

आता चूक कुठे होते ते पाहू. ट्रॉलीच्या गाइडमध्ये 20 न्यूटन कोरडं घर्षण आहे असं समजा. k1 2000 असताना शेवटच्या 10 मिलिमीटरमध्ये कंट्रोलरचा जोर 20 न्यूटनपेक्षा कमी पडतो, आणि ट्रॉली जागेच्या अलीकडेच रुतू शकते. हे पाहून माणूस ‘मान्य कमाल चूक’ या शब्दांकडे बघतो. त्याला वाटतं, मला तर 100 नव्हे, 6 मिलिमीटरच चूक मान्य आहे. म्हणून तो 0.1 च्या जागी 0.00625 घालतो. q1 256 पट झाला, k1 झाला 32000. घर्षणाने उरणारी चूक 0.6 मिलिमीटरवर येते, आणि 2-5 मिलिमीटरच्या छोट्या हालचालींवर चाचणी घेतली तर सगळं छान दिसतं.

मग पूर्ण 100 मिलिमीटरची हालचाल दिली जाते. मागणी 3200 न्यूटनची, मोटरकडे 200. ट्रॉली पूर्ण जोराने सुमारे 0.15 सेकंद धावते, वेग 0.74 मीटर प्रति सेकंद होतो, आणि कंट्रोलर जोर कमी करू लागतो तेव्हा फक्त 45 मिलिमीटर अंतर उरलेलं असतं. पूर्ण 200 न्यूटनचा ब्रेक त्याच क्षणी लावला तरी थांबायला 55 मिलिमीटर लागतात. म्हणजे कमीत कमी 10 मिलिमीटर पलीकडे जाणं आधीच ठरून गेलं. घर्षणाची मदत धरली तर हा आकडा काही मिलिमीटरने कमी होतो, पण टळत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे: ड्राइव्हच्या करंटच्या आलेखाचा माथा सपाट दिसतो. आलेख सपाट असेल तोवर Q आणि R चं गणित लागूच होत नाही.

इथे मागचा इतिहास कामी येतो. भागाकारात घालायचा आकडा म्हणजे शेवटी हवी असलेली अचूकता नव्हे. ज्या चुकीवर मोटरने पूर्ण जोर लावलेला चालेल, ती चूक तिथे घालायची. शेवटची अचूकता q1 कडून मागायची नसते, कारण मूळ एलक्यूआरमध्ये कायम राहणारं घर्षण कुठेच नाही. त्यासाठी चुकीचं इंटिग्रल हा तिसरा स्टेट जोडावा आणि त्याला वेगळा भार द्यावा. त्याचं मान्य मूल्य 0.05 मीटर-सेकंद घेतलं तर इंटिग्रलचा गेन 4000 येतो: 10 मिलिमीटरवर रुतलेल्या ट्रॉलीवरचा जोर दर सेकंदाला 40 न्यूटनने वाढत जातो आणि ती सुटते. मोटर सॅच्युरेट असताना हे इंटिग्रल गोठवायला मात्र विसरू नये, नाहीतर साचलेला जोर ट्रॉलीला पुन्हा पलीकडे ढकलतो.

भारी Q ची आणखी एक किंमत असते, ती उशिराची. 1964 साली काल्मन यांनी उलटा प्रश्न विचारला: कोणते गेन कुठल्या ना कुठल्या Q आणि R साठी सर्वोत्तम असतात? उत्तरातून दिसलं, की एका इनपुटच्या यंत्रणेत एलक्यूआरला किमान 60 अंश फेज मार्जिन, म्हणजे लूप अस्थिर होण्याआधी सिग्नल मागे पडायला तेवढी मोकळीक, मिळतंच. ट्रॉलीच्या बाबतीत याचा अर्थ असा, की कोणताही Q निवडा, डॅम्पिंग 0.707 च्या खाली जाऊ शकत नाही. पण अंशातलं मार्जिन म्हणजे वेळेतलं मार्जिन नव्हे. पहिल्या भारांवर ट्रॉली सुमारे 90 मिलिसेकंद उशीर सहन करते. 256 पट q1 वर फक्त 26. पीएलसीचा स्कॅन, फील्डबस आणि वेगावरचा फिल्टर यांची बेरीज इतकी सहज होते.

आणि हे 60 अंशही पूर्ण स्टेट प्रत्यक्ष मोजला जात असेल तरच. 1978 मध्ये जॉन डॉइल यांनी दाखवलं, की स्टेट मोजण्याऐवजी काल्मन फिल्टरने अंदाजून वापरला तर कोणत्याही मार्जिनची हमी राहत नाही. त्या शोधनिबंधाचा सारांश फक्त तीन इंग्रजी शब्दांचा आहे, अर्थ एवढाच: ‘हमी नाहीच’. ट्रॉलीवर फक्त स्थानाचा एन्कोडर असेल आणि वेग अंदाजाने काढला असेल, तर Q आणि R ठरल्यावर त्या अंदाजासकट लूपचं मार्जिन वेगळं मोजावं, कास्टिंग असताना आणि रिकाम्या ट्रॉलीवरही.