पांढरा थर आणि तोंडात राहिलेलं औषध

मराठीत ‘तोंड आलंय’ म्हटलं की काम भागतं. लाल फोड असोत, घास चावताना गाल चावला गेलेला असो की जिभेवर दह्यासारखा थर असो, सगळं त्या दोन शब्दांत मावतं. इथे बोलायचंय ते फक्त शेवटच्या प्रकाराबद्दल. त्याला डॉक्टर ओरल थ्रश म्हणतात आणि तो कॅन्डिडा नावाच्या बुरशीमुळे होतो. ही बुरशी बऱ्याच निरोगी माणसांच्याही तोंडात गुपचूप राहत असते, पण तिचा थर दिसतो तो मुख्यतः काही आठवड्यांच्या बाळांच्या तोंडात आणि दम्यासाठी स्टेरॉइडचा पंप घेणाऱ्या मोठ्या माणसांच्या तोंडात. या दोन तोंडांचा एकमेकांशी काही संबंध नाही असं वाटतं. पण उपचारांचा इतिहास पाहिला तर दोन्हीकडे प्रश्न एकच निघतो: औषध तोंडात किती वेळ राहतं? बाळाच्या तोंडात ते हवं तेवढं टिकत नाही, आणि पंप घेणाऱ्याच्या तोंडात नको तेवढं टिकतं.

थर मात्र फार जुना. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या ग्रीक ग्रंथांत खंगलेल्या रुग्णांच्या तोंडातल्या पांढऱ्या चट्ट्यांचं वर्णन सापडतं. पुढे कित्येक शतकं ते चट्टे म्हणजे रोगाचं कारण नसून अशक्तपणाची खूण, अशीच समजूत होती. एकोणिसाव्या शतकात सूक्ष्मदर्शक हाताशी आला आणि चित्र पालटलं. १८३९ मध्ये लांगेनबेक या जर्मन डॉक्टरला टायफसने गेलेल्या रुग्णाच्या अन्ननलिकेत बुरशी दिसली, पण त्याने ती टायफसचीच मानली. नजर बरोबर होती, निष्कर्ष चुकला. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच पॅरिसमध्ये ग्रुबी आणि स्टॉकहोममध्ये फ्रेडरिक बर्ग यांनी बाळांच्या तोंडातला थर तपासून ती बुरशी थ्रशचीच असल्याचं दाखवलं. बर्गने तर थराचा खरवडलेला अंश निरोगी बाळांच्या तोंडात लावून थ्रश उठतो का, हेही पाहिलं. आज असा प्रयोग कुणी नुसता सुचवला तरी त्याला दाराबाहेर काढतील. पण बाळाला बाळापासून, भांड्यांतून आणि हातांतून थ्रश होऊ शकतो, हे त्यातून कळलं.

नावाची गंमत सांगायचा मोह आवरत नाही. १८५३ मध्ये फ्रान्सच्या रोबाँने या बुरशीला ‘अल्बिकान्स’ म्हटलं, म्हणजे पांढरी पडत जाणारी. १९२३ मध्ये नेदरलँड्सच्या ख्रिस्टीन बेर्कहाउटने तिला ‘कॅन्डिडा’ या नव्या कुळात घातलं, आणि कॅन्डिडाचा अर्थही शुभ्रच. रोममध्ये पदासाठी उभे राहणारे पांढराशुभ्र टोगा घालून फिरत. ‘कॅन्डिडेट’ हा शब्द त्यावरूनच आला. थोडक्यात, कॅन्डिडा अल्बिकान्स म्हणजे पांढरी पांढरी.

रोग ओळखता आला तरी हातात औषध नव्हतं. बोरॅक्स मधात कालवून तोंडाला लावत. बोरॅक्स बाळाच्या पोटात साचत गेला तर विषबाधा होते आणि झटकेही येऊ शकतात, हे फार उशिरा ध्यानात आलं. मग १९२० च्या दशकात जेन्शन व्हायोलेट हा जांभळा रंग आला. तो बुरशी खरंच मारतो, पण त्याने ओठ, उशी, आईचं अंग सगळं जांभळं होतं. वारंवार लावला तर तोंडाच्या नाजूक त्वचेला जखमा होतात. त्यात कॅन्सरची शंकाही आली. प्राण्यांवरच्या अभ्यासांच्या आधारे कॅनडाच्या आरोग्य खात्याने २०१९ मध्ये त्याबद्दल इशारा दिला. कुणाच्या घरी जुनी बाटली असेल तर ती आता बाळासाठी उघडू नये, असं मी तरी सांगतो.

खरं वळण आलं ते प्रतिजैविकांच्या मागोमाग. १९४० च्या दशकात पेनिसिलिन आणि त्याची भावंडं सर्रास वापरात आली. तोंडातले आणि आतड्यातले जिवाणू मेले, त्यांची जागा कॅन्डिडाने घेतली, आणि बुरशीवर चालेल असं सुरक्षित औषध मात्र कुणाकडे नव्हतं. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातल्या दोघींनी ते शोधायचं ठरवलं. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासत आणि रेचल ब्राउन ऑल्बनीत रसायनाचं काम पाहत. काचेच्या बरण्यांत भरलेले नमुने या दोन शहरांमध्ये टपालाने ये-जा करत. बुरशी मारणारे नमुने बहुधा प्राण्यांनाही मारत. शेवटी हेझनच्या ओळखीच्या, नर्स आडनावाच्या एका कुटुंबाच्या व्हर्जिनियातल्या शेताची माती हाती लागली. तिच्यातला जीव बुरशी मारत होता आणि प्राण्याला सोडत होता. त्याला स्ट्रेप्टोमायसीस नर्साय असं नाव मिळालं. १९५० मध्ये शोध जाहीर झाला आणि राज्याच्या नावावरून औषधाचं नाव ‘निस्टॅटिन’ पडलं. स्वामित्वशुल्काचे एक कोटी तीस लाखांहून जास्त डॉलर जमले. दोघींनी ते स्वतःकडे न ठेवता संशोधनाला दिले.

निस्टॅटिनचं काम समजलं की ते कसं द्यायचं हेही समजतं. बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल असतं, आपल्या पेशींत त्याऐवजी कोलेस्टेरॉल. निस्टॅटिन एर्गोस्टेरॉलला चिकटतं आणि आवरणाला छिद्रं पाडतं. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शोषलंच जात नाही, गिळलं की शौचावाटे बाहेर पडतं. म्हणून ते बाळासाठी सुरक्षित. पण त्याच कारणाने ते फक्त जिथे लागेल तिथेच काम करतं, गिळून टाकलं की तोंडाच्या दृष्टीने संपलं.

पाच आठवड्यांच्या एका बाळाचं उदाहरण घेऊ. गालांच्या आत आणि जिभेवर पांढरे ठिपके होते. आईला वाटलं दूध साचलंय. ओल्या स्वच्छ गॉजने हलकेच पुसलं. दूध असतं तर पुसलं गेलं असतं आणि खाली नेहमीचा गुलाबी रंग दिसला असता. इथे थर चिकटून राहिला, आणि जिथे सुटला तिथे खाली लाल, नाजूक जागा दिसली. डॉक्टरांनी निस्टॅटिनचं पातळ औषध दिलं, एका मिलिलिटरमध्ये एक लाख युनिट, दिवसातून चार वेळा एक मिलिलिटर. आठवडा झाला तरी फरक नव्हता. विचारल्यावर कळलं की ड्रॉपर जिभेच्या मध्यावर रिकामा होत होता, आणि तोही दूध पाजण्याआधी. औषध गिळलं जायचं, उरलेलं दूध धुऊन न्यायचं. पद्धत बदलली. दूध पिऊन झाल्यावर अर्धा मिलिलिटर एका गालात, अर्धा दुसऱ्या गालात, आणि गॉजवर थोडं घेऊन थरावर फिरवायचं. आईच्या स्तनाग्रांनाही खाज आणि चुरचुर होती, तिच्यावरही त्याच वेळी उपचार झाले. नाहीतर बुरशी इकडून तिकडे फिरत राहते. तोंड स्वच्छ दिसू लागल्यावरही औषध आणखी दोन दिवस चालू ठेवलं. औषध तेच होतं, फक्त ते आता जागेवर राहत होतं.

चिकटून राहण्याचा हाच मुद्दा मायकोनाझोलने पकडला. हे औषध १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलं. ते अॅझोल गटातलं आहे, म्हणजे एर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाही. बाळांमध्ये मायकोनाझोलचं चिकट जेल आणि निस्टॅटिन यांची तुलना करणारा एक अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या दिवशी जेल लावलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के बाळं बरी दिसत होती, निस्टॅटिन घेणाऱ्यांपैकी सुमारे २१ टक्के. पण चिकटपणाच बाळाला धोकाही ठरतो. जेलचा गोळा घशात जाऊन लहान बाळं गुदमरल्याच्या घटना नोंदल्या गेल्या. म्हणून चार महिन्यांखालच्या बाळासाठी ते टाळतात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांत त्याहूनही उशिरापर्यंत. मोठ्या बाळालाही बोटाने अगदी थोडं, तोंडाच्या पुढच्या भागात लावायचं. फ्लुकोनाझोल वेगळ्या वाटेने जातं, पोटातून रक्तात आणि तिथून पुन्हा तोंडात, त्यामुळे चिकटण्याची अडचणच नाही. पण संपूर्ण शरीरात फिरणारं औषध असल्याने बाळाला ते डॉक्टरांनी वजन पाहून ठरवल्याशिवाय देऊ नये.

आता पंप. दम्याला स्टेरॉइडचा फायदा होतो हे १९५० पासून माहीत होतं, पण गोळ्यांचे दुष्परिणाम जबर होते. १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये बेक्लोमेथासोनचा पंप बाजारात आला. औषध थेट फुप्फुसात, अंगात कमी, हा हिशेब. दोन-तीन वर्षांतच नियतकालिकांत बातम्या यायला लागल्या की काही रुग्णांच्या घशात थ्रश होतोय. १९८१ मधल्या मापनाने कारण उघडं पाडलं. साध्या पंपातून सुटलेल्या औषधाचा फार तर दहावा भाग फुप्फुसात पोहोचत होता, जवळजवळ चार पंचमांश तोंडात आणि घशातच अडकत होता. तिथली स्थानिक प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने मंदावते आणि तिथेच राहणाऱ्या कॅन्डिडाला मोकळीक मिळते. मग स्पेसर आले. फवारा आधी नळकांड्यात सुटतो, मोठे थेंब तिथेच बसतात, बारीक कण श्वासाबरोबर आत जातात. सिक्लेसोनाइड नावाचं स्टेरॉइड फुप्फुसात गेल्यावरच सक्रिय होतं, तेही याच अडचणीवरचं उत्तर.

माझ्या एका अठ्ठावन्न वर्षांच्या रुग्ण बाईंना सकाळ-रात्र दोन-दोन पफ होते. निस्टॅटिनने थर जायचा आणि तीन आठवड्यांत परत यायचा. चूळ भरता का, असं विचारलं तर ठामपणे हो. मी त्यांना रात्रीचा क्रम करून दाखवायला सांगितला. आधी दात घासले, चूळ भरली, मग पंप मारला आणि झोपायला जायची खूण केली. म्हणजे रात्रभर, लाळ सर्वात कमी असते त्या वेळात, स्टेरॉइड घशात तसंच. क्रम उलटा केला. आधी स्पेसरमधून पंप, मग दात घासणं, गुळण्या करून पाणी थुंकून टाकणं. त्या रक्त पातळ करणारं वॉरफेरिन घेत होत्या, म्हणून मायकोनाझोल जेल दिलं नाही. तोंडात लावलेलं जेलही वॉरफेरिनचा परिणाम वाढवून रक्तस्राव करू शकतं, आणि फ्लुकोनाझोलचंही तेच. निस्टॅटिनच दिलं, पण तोंडात काही मिनिटं घोळवून. कवळी रात्री काढून ठेवायला सांगितली, कारण तिच्याखाली थर दबा धरून बसतो. पंप एकही दिवस थांबवला नाही. थ्रशच्या भीतीने पंप सोडणारे रुग्ण दम्याच्या झटक्याने दवाखान्यात येतात, हे मी पाहिलेलं आहे.

त्यांचा आवाज मात्र घोगराच राहिला. घशात थर नव्हता. स्टेरॉइडचा थेट परिणाम स्वरयंत्राच्या स्नायूंवरही होतो, आणि त्याला बुरशीवरचं औषध काही करत नाही. गिळताना छातीत दुखलं असतं तर अन्ननलिकेपर्यंत संसर्ग गेल्याची शंका घेऊन तोंडात घोळवायच्या औषधावर थांबलो नसतो. पंपही नाही आणि बाळही नाही, तरी थर पुन्हा पुन्हा येतो, अशा माणसाची साखर आणि एचआयव्ही तपासून घ्यावे लागतात. या बाईंची साखर ठीक होती. घोगरेपणासाठी पफची संख्या कमी करता येते का, हे पुढच्या खेपेला पाहायचं ठरलं.