स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी

एखादा पदार्थ त्वचेला लागला की नेमक्या त्याच जागी, काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी उठणारे लाल, खाजरे पुरळ म्हणजे स्पर्शजन्य अ‍ॅलर्जी. वैद्यकीय भाषेत तिला अ‍ॅलर्जिक कॉन्टॅक्ट डर्मटायटिस म्हणतात. कानातल्याच्या दांडीभोवतीची ओली खाज, मनगटावर बक्कलेखाली उमटलेला चौकोनी चट्टा, केस रंगवल्यावर कपाळाच्या कडेने उठलेली लाल रेघ ही तिची नेहमीची रूपे. हा आजार संसर्गजन्य नाही. एकाचा दुसऱ्याला लागत नाही. रक्त बिघडल्यामुळे किंवा पोटातली उष्णता वाढल्यामुळेही तो होत नाही.

या आजारात पुरळाचा आकार हाच सर्वांत बोलका पुरावा असतो. शरीराच्या आतून येणारे त्वचारोग सहसा दोन्ही बाजूंना सारखे, गोलसर किंवा विस्कळीत उठतात. सरळ कडा, कोपरे, अंगठीसारखे कडे असे आकार बहुधा बाहेरून लागलेल्या वस्तूचेच असतात. तरीही रुग्ण वर्षानुवर्षे भलत्याच वस्तूवर संशय घेत राहतात. त्याची कारणे दोन: वस्तू लागणे आणि पुरळ उठणे यांतला उशीर, आणि ‘हे तर मी कित्येक वर्षे वापरतोय’ ही समजूत.

पुरळ उशिरा का उठते

अ‍ॅलर्जी घडवणारे हे पदार्थ अतिशय लहान कणांचे असतात, म्हणूनच ते त्वचेच्या वरच्या थरातून आत झिरपू शकतात. निकेल हा धातू घ्या. घामातल्या क्षारांमुळे त्याचा अगदी सूक्ष्म अंश विरघळतो आणि त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतो. त्वचेतल्या पहारेकरी पेशी हे बदललेले प्रथिन जवळच्या लसिका ग्रंथीत नेऊन टी-पेशींना, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. तिथे त्या पदार्थाला ओळखणाऱ्या टी-पेशींची फौज तयार होते. या पहिल्या टप्प्याला साधारण १० ते १४ दिवस पुरतात, पण प्रत्यक्षात तो अनेक वर्षांच्या वापरानंतरही घडू शकतो. या काळात त्वचेवर काहीच दिसत नाही.

एकदा ओळख पक्की झाली की पुढच्या स्पर्शानंतर या पेशी त्या जागी गोळा होतात आणि दाह सुरू होतो. पेशी जमायला वेळ लागतो, म्हणून पुरळ बहुधा १२ ते ७२ तासांत उठते. शनिवारी समारंभात घातलेल्या हाराची खाज सोमवारी सुरू होते आणि दोष रविवारच्या जेवणावर जातो. शिवाय ही स्मृती सहसा आयुष्यभर टिकते. दहा वर्षे बिनतक्रार वापरलेली वस्तू अकराव्या वर्षी त्रास देऊ लागणे यात काही विचित्र नाही. ‘जुनी वस्तू’ हा निर्दोषपणाचा पुरावा ठरत नाही.

गांधी उठणे हा प्रकार वेगळा. त्यात हिस्टामिनमुळे मिनिटांत फुगवटे येतात आणि एकेक फुगवटा बहुधा २४ तासांच्या आत मावळतो. स्पर्शजन्य अ‍ॅलर्जीचे पुरळ दिवसेंदिवस राहते. त्यात आधी लाली व बारीक पाण्याचे फोड येतात, मग पापुद्रे सुटतात, आणि खाजवत राहिल्यास कातडी जाड व काळपट होते. मूळ यंत्रणा टी-पेशींची असल्यामुळे हिस्टामिनविरोधी गोळ्यांनी झोप लागायला मदत झाली, तरी पुरळ हटत नाही.

घड्याळाचे एक उदाहरण

समजा, एका गृहस्थाच्या डाव्या मनगटावर, तळहाताच्या बाजूला, नाण्याएवढा खाजरा चट्टा आहे. घड्याळाचा पट्टा चामड्याचा. आधी गजकर्ण समजून त्यांनी बुरशीचे मलम महिनाभर लावले. फरक पडला नाही. मग पट्ट्यावर संशय आला आणि त्यांनी नवा कापडी पट्टा बसवून घेतला. चट्टा तसाच राहिला, म्हणून घड्याळाचा काही संबंध नाही असे त्यांनी ठरवून टाकले. चूक इथेच झाली: पट्टा बदलताना जुनीच बक्कल नव्या पट्ट्याला लावली होती.

चट्ट्याची जागा नीट पाहिली तर उत्तर तिथेच आहे. पट्ट्यातल्या पदार्थाची अ‍ॅलर्जी असती तर मनगटाभोवती पट्ट्याच्या रुंदीचे कडे उमटले असते. चामडे कमावताना वापरलेले क्रोमियमचे क्षार, चामड्याचे थर चिकटवणारा डिंक आणि रबरी पट्ट्यातली रसायने ही त्याची नेहमीची कारणे. चट्टा फक्त बक्कलेखाली असेल तर पहिला संशय निकेलवर जातो. या गृहस्थांना विचारले असता बेंबीखालीही असाच एक चट्टा निघाला, अगदी जीन्सच्या बटणाच्या जागी. असा दुसरा चट्टा सापडला की निदान जवळजवळ हातात येते, म्हणून कपडे सैल करून पोट पाहिल्याशिवाय मनगटाची तपासणी पुरी झाली असे समजू नये.

वस्तूतून निकेल सुटते का, हे डायमिथाइलग्लायॉक्झाइमच्या चाचणीने पाहता येते. कापसाच्या बोळ्यावर या रसायनाचे आणि सौम्य अमोनियाचे थेंब घेऊन तो वस्तूवर अर्धा मिनिट घासायचा. बोळा गुलाबी झाला तर निकेल सुटते आहे. वरचा मुलामा शाबूत असेल तर बोळा पांढराच राहू शकतो. त्यामुळे गुलाबी रंगावर विश्वास ठेवावा, पांढऱ्यावर पूर्ण ठेवू नये. या उदाहरणात बक्कल आणि बटण दोन्ही गुलाबी रंग देतात, घड्याळाची मागची झाकणी देत नाही. म्हणजे घड्याळ टाकून द्यायची गरज नाही. टायटॅनियमची बक्कल बसवली आणि बटणाच्या आतून जाड कापड शिवले की काम भागते.

धातूत निकेल किती आहे, यापेक्षा त्यातून किती सुटते हे महत्त्वाचे. शस्त्रक्रियेच्या दर्जाच्या ३१६एल पोलादात निकेल दहा टक्क्यांहून अधिक असते, पण ते घट्ट बांधलेले असल्यामुळे फारच कमी सुटते. उलट स्वस्त दागिन्याच्या सोनेरी मुलाम्याखाली निकेलचा थर असू शकतो, आणि मुलामा घासला गेला की तो उघडा पडतो. काही पांढऱ्या सोन्यातही निकेल मिसळलेले असते. युरोपीय संघाचा नियमही सुटणाऱ्या निकेलवरच आहे: त्वचेला दीर्घकाळ लागणाऱ्या वस्तूतून आठवड्याला दर चौरस सेंटिमीटरमागे ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त आणि टोचलेल्या भोकात घालायच्या दांडीतून ०.२ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त निकेल सुटता कामा नये. दांडीची मर्यादा अधिक कडक आहे, कारण ताज्या भोकात वरच्या कातडीचा अडसर नसतो. पुष्कळांची निकेलची अ‍ॅलर्जी कान टोचण्यापासूनच सुरू होते. नेलपॉलिशचा थर लावून वस्तू वापरण्याचा उपाय तात्पुरता चालतो. घामाने आणि घासण्याने तो लवकर निघतो.

पट्ट्याखाली कडेभर लाली आली तरी ती दरवेळी अ‍ॅलर्जीच असते असे नाही. घाम, साबणाचा अंश आणि सततचे घर्षण यांनीही कातडी चुरचुरते. पट्टा सैल ठेवला, रात्री काढला आणि जागा कोरडी राखली की काही दिवसांत ती शांत होते. खरी अ‍ॅलर्जी तेवढ्याने थांबत नाही.

केसांचा रंग

‘जिथे लागले तिथेच उठते’ हा नियम इथे थोडा फसवतो. पक्क्या काळ्या-तपकिरी रंगांत पॅराफिनिलिनडायअमिन, म्हणजे पीपीडी, किंवा त्याचा जवळचा नातेवाईक टोल्यूइनडायअमिन असतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग झाल्यावर केसाच्या आत त्याचे मोठे रंगकण बनतात. त्रास देतो तो संयोग न झालेला, उरलेला भाग. डोक्याची कातडी तो बऱ्यापैकी सोसते, पण धुताना ओघळलेले पाणी कपाळाची कड, कानांच्या पाळ्या आणि मान यांवर पुरळ उठवते. पापण्यांची कातडी सर्वांत पातळ व सैल, म्हणून कित्येकदा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सकाळी डोळे सुजून मिटलेले असतात आणि रुग्ण धाव घेतो डोळ्यांच्या डॉक्टरांकडे.

‘अमोनियाविरहित’ असे लिहिलेला रंग या रुग्णांना सुरक्षित नाही, कारण अमोनिया हे अ‍ॅलर्जीचे कारण नव्हे. पीपीडी त्यातही असू शकते. शुद्ध मेंदी केशरी-लाल रंगते आणि त्याला काही तास लागतात. झटपट काळी रंगणारी मेंदी असेल तर तिच्यात पीपीडी मिसळल्याचा दाट संशय घ्यावा. अंगावर काढायच्या अशा काळ्या नक्षीत त्याचे प्रमाण केसांच्या रंगाच्या कायदेशीर मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त आढळले आहे. युरोपात केसांना लावायच्या तयार मिश्रणासाठी ही मर्यादा २ टक्के आहे. लहानपणी काढलेली एखादी काळी नक्षी पुढे पहिल्यांदा केस रंगवताना तीव्र प्रतिक्रिया घडवू शकते.

खाज सुरू होताच केस शांपूने दोन-तीनदा भरपूर पाण्याने धुवावेत. चेहरा सुजला असेल, फोड आले असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास लागणे, जीभ सुजणे, चक्कर येणे ही तातडीची लक्षणे क्वचितच दिसतात, पण दिसली तर थांबू नये. ज्याला एकदा अशी प्रतिक्रिया आली त्याने ‘या वेळी थोडाच लावतो’ म्हणून पुन्हा प्रयोग करू नये. पुढची प्रतिक्रिया आधीपेक्षा तीव्र असू शकते. अशा व्यक्तीने बेन्झोकेनसारखी जागा बधिर करणारी मलमेही डॉक्टरांना विचारूनच वापरावीत, कारण रचनेतल्या साम्यामुळे काहींना त्यांचाही त्रास होतो.

पॅच टेस्ट

निदान पक्के करणारी ही चाचणी योसेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये मांडली आणि तिचे तत्त्व आजही तेच आहे. संशयित पदार्थ ठरावीक प्रमाणात, बहुधा पेट्रोलियम जेलीत मिसळून, छोट्या वाट्यांत भरतात व पाठीवर चिकटवतात. निकेल सल्फेट सामान्यतः ५ टक्के आणि पीपीडी १ टक्का घेतात. पट्ट्या ४८ तासांनी काढून पहिली नोंद करतात. दुसरी नोंद लावल्यापासून ७२ ते ९६ तासांनी होते आणि खरा निकाल बहुधा तिच्यावरच ठरतो. काढल्याबरोबर दिसणारी लाली पट्टीच्या चुरचुरीचीही असू शकते आणि ती उतरत जाते. अ‍ॅलर्जीची प्रतिक्रिया मात्र वाढत जाते, बोटाला उंचवटा लागतो, बारीक फोड दिसतात.

या काळात पाठ भिजवायची नाही, घाम गाळायचा नाही. आधीच्या आठवड्यात पाठीवर स्टिरॉइडचे मलम लावलेले असेल किंवा तोंडाने स्टिरॉइड सुरू असेल तर खरी अ‍ॅलर्जीही लपून राहू शकते. पुरळ अंगभर भडकलेले असताना चाचणी केल्यास उलट घडते. पाठ सगळ्याच वाट्यांखाली लाल होते. म्हणून ते शमल्यावरच ती करतात. बाजारी रंग किंवा डिंक घरीच पाठीवर बांधून ठेवणे धोक्याचे आहे, जागा भाजल्यासारखी होऊ शकते. रक्तातल्या आयजीई या प्रतिपिंडाच्या तपासणीतून ही अ‍ॅलर्जी कळत नाही.

उपचार

वस्तू दूर झाल्याशिवाय कोणतेही मलम टिकाऊ गुण देत नाही. दाह उतरवण्यासाठी डॉक्टर स्टिरॉइडचे मलम ठरावीक दिवसांसाठी देतात: मनगटासाठी मध्यम ते तीव्र, चेहरा व पापण्यांसाठी सौम्य. तर्जनीच्या शेवटच्या पेरावर नळीतून पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम. दोन तळहातांएवढ्या जागेला ती पुरते. पाझरणाऱ्या जागेवर आधी गार पाण्याच्या घड्या १५-२० मिनिटे ठेवाव्यात. चट्टा खरोखर गजकर्णाचा असेल तर स्टिरॉइडने तो वरवर निवतो आणि आत पसरत राहतो, म्हणून शंका असल्यास आधी कातडीचा खरवड तपासून घ्यावा.

संपर्क पूर्ण तुटल्यावरही पुरळ पुरते बसायला दोन ते चार आठवडे लागतात, मागे राहिलेला काळपट डाग त्याहून कितीतरी जास्त काळ दिसतो. पाचव्या दिवशी खाज अजून आहे म्हणून ‘बक्कलेचा काही संबंध नव्हता’ असा निष्कर्ष काढणारे बरेच असतात. डागाकडे न पाहता खाज, उंचवटा आणि पापुद्रे कमी होत आहेत का ते पाहावे. चार आठवड्यांनंतरही नवे फोड येत असतील तर तोच पदार्थ दुसऱ्या कुठल्या वाटेने लागतो आहे का, ते शोधावे: चष्म्याची काडी, किल्ल्यांचा जुडगा, किंवा पट्टा बदलताना राहून गेलेली तीच जुनी बक्कल.