दोन विटा आणि एक सरकता ट्रे

कापसाचा हंगाम सुरू झाला की जळगाव जिल्ह्यातल्या जिनिंगच्या वजनकाट्यावर ट्रॅक्टरची रांग लागते. काट्याच्या केबिनमध्ये एकच माणूस असतो. तो समोरच्या खिडकीतून ड्रायव्हरचा कागद घेतो, संगणकात नोंद करतो, पावती छापतो आणि त्याच खिडकीतून बाहेर देतो. अशाच एका केबिनचं टेबल नवं करून देण्याचं काम माझ्याकडे आलं. मालकांची मागणी साधी होती: "जुन्यासारखंच करा, फक्त नवं."

जुनं टेबल बघायला गेलो, तर त्याच्याखाली दोन विटा ठेवलेल्या दिसल्या. दिवसपाळीच्या सुनंदाताईंनी त्यांच्याकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, "पाय टेकतस नही ना भाऊ!" रात्रपाळीचा भूषण त्याच टेबलाशी तिरका बसायचा, कारण सरळ बसलं की मांड्या खणाला लागायच्या. शिवाय कागद घ्यायला ताईंना दर गाडीला खुर्चीतून उठावं लागे. एकाच टेबलाच्या तीन तक्रारी होत्या, आणि तिन्ही माणसाच्या मापाच्या. "जुन्यासारखंच" करून त्यातली एकही सुटणार नव्हती.

टेबलाचं त्रिमितीय मॉडेल मी स्केचअपमध्ये करतो. नवी फाइल उघडली की तिथे बहुधा एक माणूस आधीच उभा असतो. पण तो पुठ्ठ्यातून कापल्यासारखा सपाट असतो आणि आपण दृश्य फिरवलं की तोही आपल्याकडे तोंड वळवतो. दार किती उंच दिसेल याचा अंदाज त्याच्यावरून येतो. हात कुठवर पोचेल हे विचारायला मात्र त्याचा उपयोग नाही, कारण त्याला खांदाच नाही. म्हणून मी ठोकळ्यांचा एक पुतळा बनवून ठेवलाय. डोकं, धड, दंड, हात, मांडी, पोटरी, पाऊल असे वेगवेगळे तुकडे आहेत आणि ते सांध्यांवर फिरतात. दिसायला बुजगावणंच, पण कामाला चोख.

हा पुतळा १७० सेंटीमीटरचा आहे. सुनंदाताई १४८ च्या. पहिल्यांदा असं काम केलं होतं तेव्हा मी पुतळा खुर्चीवर बसवला आणि उंचीच्या दिशेने दाबून लहान केला. डोकं बरोबर जागी आलं, म्हणून खूश झालो. पण बसलेल्या माणसाच्या मांड्या आणि कोपरापुढचा हात आडवे असतात. उभ्या दिशेने कितीही दाबलं तरी त्यांची लांबी बदलत नाही. पुतळ्याची मांडी ४२ सेंटीमीटरचीच राहिली, आणि १४८ उंचीच्या माणसाची साधारण ३७ हवी. म्हणजे धड बाईचं आणि हातपाय दुसऱ्या कुणाचे. अशा पुतळ्याचा हात टेबलावर हवा तिथे पोचतो, आणि आपण निर्धास्त होतो. म्हणून पुतळा आधी उभा करायचा, तिन्ही दिशांनी सारखा लहान करायचा आणि मगच बसवायचा. खुर्ची त्याच्याबरोबर एका गटात बांधलेली असेल, तर ती आधी सोडवून घ्यायची. नाहीतर खुर्चीही त्याच प्रमाणात लहान होते आणि बालवाडीत बसल्यासारखं दिसतं.

सारखं लहान करूनही एक गोम उरते. उंची जुळली म्हणून बाकीचे अवयव जुळतातच असं नाही. गिल्बर्ट डॅनियल्स या अमेरिकी वायुदलातल्या संशोधकाने १९५२ साली ४,०६३ वैमानिकांची मापं तपासली. दहा मापांत सरासरीच्या जवळपास बसणारा एक तरी वैमानिक सापडेल, अशी अपेक्षा होती. एकही सापडला नाही. कुणाचे पाय लांब तर कुणाची छाती रुंद. त्यामुळे टेबलावर बसणारी माणसं माहीत असतील तर टेपच धरावी. मी दोघांचीही मोजकी मापं घेतली: बसकीपासून कोपर आणि खांदा किती वर, गुडघ्याची खोबण आणि वरचा भाग जमिनीपासून किती वर, मांडीची जाडी, आणि खांद्यापासून मुठीपर्यंतचा हात. मग पुतळ्याचा एकेक तुकडा त्या मापाचा केला. बसणारी माणसं माहीत नसतील, तर हात पोचण्याची तपासणी लहान चणीच्या माणसावरून करतात आणि अवयव मावण्याची मोठ्या चणीच्या माणसावरून. भारतीय माणसांची मापं अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये छापली आहेत. शंभर माणसं लहान ते मोठी अशी ओळीने उभी केली, तर तिथून पाचवा आणि पंच्याण्णवावा असे दोन पुतळे करता येतात. सरासरी माणसाचा एकच पुतळा ठेवला, तर हात पोचणं आणि पाय मावणं या दोन्ही तपासण्या त्या पुतळ्यापुरत्याच होतात.

आमच्या केबिनमध्ये लहान-मोठे दोन्ही हाडामांसाचेच होते. जुनं टेबल ७५ सेंटीमीटर उंच, ६० खोल, आणि फळीखाली १२ सेंटीमीटरचा खण. फळीची जाडी २ धरली तर खणाचा तळ जमिनीपासून ६१ वर येतो. भूषणला मी ४७ उंचीच्या बसकीवर बसवलं. त्याच्या गुडघ्याचा वरचा भाग बुटासकट ५८ वर आला. इथे थांबलो असतो तर ३ सेंटीमीटर मोकळे आहेत असं लिहून मोकळा झालो असतो. पण मांडी गुडघ्याशी निमुळती असते आणि पोटाशी जाड. भूषणची मांडी तिथे १६ सेंटीमीटर, म्हणजे ४७ अधिक १६, ६३. मॉडेलमध्ये मांडी खणात २ सेंटीमीटर घुसलेली स्पष्ट दिसली. खण काढून डावीकडच्या कपाटात टाकला, विषय संपला.

सुनंदाताईंचं प्रकरण मात्र लांबलं. त्यांचे पाय चपलेसकट टेकायला बसक ३८ वर हवी. तसं बसलं तर कोपर ५८ वर येतं आणि टेबल त्याच्या १७ सेंटीमीटर वर राहतं, म्हणजे टायपिंग करताना खांदे सतत उचललेले. टेबल खाली घ्यावं तर भूषण अडकतो. म्हणून टेबल ७५ वरच ठेवून खुर्ची वर घेतली. ती माणूस बसलेला असताना जास्तीत जास्त ५२ पर्यंत जाते. हे माप बसल्यावरच घ्यायचं, कारण गादी दबते आणि पुतळ्याला वजन नसतं. आता कोपर ७२ वर आलं, फळीच्या जरासं खाली, चालण्यासारखं. पाय १४ सेंटीमीटर लोंबकळत होते, तेवढ्याच उंचीची पायफळी लागणार होती.

मग खिडकी. ताईंचा हात खांद्यापासून मुठीपर्यंत ५७ सेंटीमीटर. पण हा हात सपाट टेबलावर ५७ पोचत नाही, कारण खांदा टेबलाच्या वर असतो. खांदा ९९ वर, फळी ७५ वर, फरक २४. शाळेतला पायथागोरस लावला की कर्ण ५७, एक बाजू २४ आणि दुसरी बाजू जवळपास ५२ येते. मॉडेलमध्ये हेच खांद्यातून एक गोल काढून दिसतं. तो गोल फळीला जिथे कापतो तिथे हाताची हद्द संपते. पण ही हद्द खांद्यापासूनची झाली. खांदा टेबलाच्या काठामागे सुमारे १५ सेंटीमीटर असतो, मध्ये पोट आणि थोडी फट असते. म्हणजे काठापासून पुढे उरले ३७. खिडकी काठापासून ६० वर. तब्बल २३ सेंटीमीटर कमी. कंबरेतून २० अंश वाकवून पाहिलं तरी ६ कमीच पडत होते, आणि दर ट्रॅक्टरला असं वाकायचं म्हणजे संध्याकाळी पाठ बोलणारच.

मग टेबलच ३६ खोल करावं असं वाटेल. मलाही वाटलं. त्या अरुंद टेबलाशी भूषणचा पुतळा बसवला आणि त्याच्या पायाची बोटं भिंतीतून आरपार गेली! बसलेल्या माणसाचे गुडघे पोटाच्या बरेच पुढे असतात आणि बुटाची टोकं त्याहून पुढे. भूषणच्या बुटाचं टोक काठापासून ४६ सेंटीमीटर आत जात होतं. हाताला उथळ टेबल हवं आणि पायाला खोल. हे भांडण कागदावर दिसत नाही. दोन पुतळे एकाच खुर्चीवर आलटूनपालटून बसवले तेव्हाच ते समोर आलं.

तोड स्वस्तात निघाली. टेबल ६० खोलच ठेवलं आणि कीबोर्डच्या उजवीकडे फळीवर एक पसरट ट्रे बसवला, खणाला लावतात त्या ३० सेंटीमीटरच्या बेअरिंग चॅनेलवर. ट्रेची मूठ काठापासून जास्तीत जास्त ३४ पर्यंतच जाते, पण पुढची कड खिडकीत पोचते. ताई ट्रे ढकलतात, ड्रायव्हर कागद टाकतो, ताई ओढून घेतात. ३७ च्या हद्दीत ३४, म्हणजे जेमतेम ३ सेंटीमीटर हातात राहिले.

टेबल बसवलं त्या दिवशी ते ३ सेंटीमीटरही गेले. ताई बसल्या, हात लांब केला आणि मूठ अजून लांबच! मी टेप काढला. त्यांचा खांदा काठामागे १५ नाही, चांगला २८ सेंटीमीटर होता. कारण लाजिरवाणं होतं. माझ्या मॉडेलमधल्या खुर्चीला हातच नव्हते, नुसती बसक आणि पाठ. खऱ्या खुर्चीचे हात बसकीपासून २३ वर होते. बसक ५२ वर घेतली की ते बरोबर ७५ वर येतात आणि फळीच्या काठाला ठोकतात. मग खुर्ची टेबलाखाली सरकतच नाही. जुन्या टेबलाशीही हेच होत असणार, आणि पहिल्या भेटीत मी ते बघायला हवं होतं. माणसाची सगळी मापं काढली, आणि त्याला जखडून ठेवणाऱ्या वस्तूचं एकही नाही.

दोन्ही बाजूंचे बोल्ट काढून खुर्चीचे हात उतरवले. भूषणची हरकत नव्हती, कारण त्याची बसक ४७ वर असते, हात ७० वर येऊन फळीखाली जातात, पण तो ते कधी वापरतच नव्हता. ताई पुन्हा बसल्या आणि ट्रे हाताच्या टप्प्यात आला. थंडीत स्वेटर-शालीची जाडी वाढेल आणि खांदा थोडा मागे जाईल, म्हणून मूठ २ सेंटीमीटर अलीकडे घेऊन पुन्हा स्क्रू मारले.

पायफळी मी प्लायची केली होती, १४ सेंटीमीटर उंच, वर रबर. ताईंनी पाय ठेवून पाहिला, मग ती बाजूला सरकवून जुन्या विटा ओढल्या. मी टेप लावला. एकावर एक ठेवलेल्या दोन विटा भरल्या १५.